मृगापर्यंत थांबा: कुळागरातली दक्षिणेची फांदी आत्ता तोडू नका

पाऊस ओसरला की कुळागरात पहिली कोयती चालते ती सावलीवर. चार महिन्यांत फणस, आंबा, पांगारा माजलेले असतात. मिरीला ऊन लागते हेही ऐकलेले असते आणि दसरा-दिवाळीच्या मध्ये गडी मिळतात. यंदा दक्षिण आणि नैऋत्य बाजूची फांदी तेवढी राहू द्या. ती छाटायची वेळ मृगाच्या तोंडावरची, आत्ताची नव्हे.

दोन वर्षांपूर्वी ही चूक मी स्वतः केली. जूनमध्ये बघून ठेवले होते की फणसाच्या दक्षिणेकडच्या फांदीची सावली मिरवेलींवर पडतच नाही. मग ऑक्टोबरात ती बेलाशक उतरवली. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या रांगेतल्या वेलींची वरची पाने फिकट पिवळी दिसू लागली आणि आठवड्याने काहींवर कागदासारखे पांढरे चट्टे आले. एक पान उचलून पाहिले, तर खालच्या पानावर त्याच्या सावलीचा नकाशा उमटला होता: झाकलेला भाग गर्द हिरवा, उघडा भाग पांढुरका. रोग असता तर त्याने सावलीची कड इतकी नेमकी पाळली नसती.

चूक फांदी ओळखण्यात झाली होती. गोव्यात साधारण मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा जरा उत्तरेलाच असतो. त्यानंतर तो दक्षिणेला उतरतो. दिवाळीच्या सुमारास भर दुपारी तो माथ्यापासून सुमारे 30 अंश दक्षिणेला कललेला असतो, डिसेंबरात आणखी खाली. म्हणजे जूनमध्ये बिनकामाची वाटणारी फांदीच आता सगळी दुपार अडवून धरत असते.

पण चार दिवसांच्या उन्हाने हिरवे पान पांढरे का पडावे? पानात दोन कामे चालतात. पहिले प्रकाशाचे. हरितद्रव्य ऊन पकडते, पाणी फोडते, त्यातून प्राणवायू बाहेर पडतो आणि शक्ती दोन रूपांत भरून ठेवली जाते, एटीपी आणि एनएडीपीएच. दुसरे काम त्या शक्तीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड बांधून साखर करण्याचे. तिथला मुख्य कामगार म्हणजे रुबिस्को हे विकर. पाच कार्बनच्या साखरेला एक कार्बन जोडला की तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. असे तीन फेरे झाले की सहा तुकडे हाती येतात. त्यांतले पाच मूळ पाच-कार्बनी साखर पुन्हा उभी करण्यातच जातात, झाडाच्या पदरात एक पडतो. त्या एकासाठी 9 एटीपी आणि 6 एनएडीपीएच खर्ची पडतात.

अडचण वेगाची आहे. प्रकाश पकडणे निमिषार्धात होते, आणि रुबिस्कोचा एक रेणू सेकंदाला जेमतेम तीनेक कार्बन जोडतो. काजूच्या हंगामात बोंडे मळणारे हात दहा आणि भाटी एकच असावी, तसे हे. रस साठत जातो, भाटीवर चढायची वाट बघत बसतो आणि शेवटी त्याचा शिर्का होतो. उन्हात वाढलेले पान यावर उपाय म्हणून जाड होते आणि भरपूर रुबिस्को बाळगते, म्हणजे भाट्याच वाढवते. सावलीतल्या पानाने उलटा हिशेब केलेला असतो: पान पातळ आणि रुंद, अंधुक उजेड टिपायला हरितद्रव्य दाट, रुबिस्को मात्र बेताचे. सावलीत तो हिशेब बरोबरच असतो. कवडसा मिनिटभर पडून सरकला तर पानाचे काही बिघडत नाही. तीन-चार तास थेट ऊन लागले, की पकडलेल्या शक्तीला गिऱ्हाईक उरत नाही. ती प्राणवायूवर उतरते आणि त्यातून जे जहाल रेणू तयार होतात ते प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेलाच जाळतात. पान तिची डागडुजी सतत करत असते. रोजची मोडतोड डागडुजीच्या पुढे गेली की हरितद्रव्य विरते आणि पांढरा चट्टा दिसतो.

पावसानंतरची कोरडी हवा यात भर घालते. पाणी कमी पडले की दुपारी पानाची रंध्रे मिटतात आणि आतला कार्बन डायऑक्साइड घटतो. मग रुबिस्को कार्बनऐवजी प्राणवायूलाच धरू लागते, आणि उष्णता वाढली की ही चूक आणखी वाढते. यात बांधलेला कार्बन वाया जातो. थोडी साठलेली शक्ती खपते एवढाच दिलासा, पण मिरीचे घोस भरायच्या दिवसांत तो महागात पडतो.

पिवळेपणा उन्हाचाच आहे ना, हे आधी ताडून पहा. ऊन लागलेली पाने वेलीच्या एकाच बाजूला, वर आणि बाहेर असतात, आणि पान उचलल्यावर सावलीची कड सापडते. मॅग्नेशियम कमी असेल तर जुनी, खालची पाने शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडतात आणि ती सावलीतही सापडतात. पानावर काळे डाग असून त्यांची कड झालरीसारखी पसरत असेल, किंवा वेल बुंध्याकडून मान टाकत असेल, तर ती मर आहे. तिथे सावली करून काही होणार नाही.

फांदी आधीच तोडून बसला असाल तर आजच माडाची झावळे त्या बाजूला उभी बांधा. दाट भिंत नको, उजेड झिरपला पाहिजे. नुसती फिकट झालेली पाने थोड्या दिवसांत रंग धरू लागतात. पांढरी पडलेली परत येत नाहीत, पण ती काढूही नका, खालच्या पानांना तेवढीच सावली. पाटाचे पाणी नोव्हेंबर लागताच सुरू करा. पोफळीला नोव्हेंबर-डिसेंबरात सात-आठ दिवसांनी पाणी द्यायची शिफारस आहे आणि त्या ओलीवर मिरवेलही तगते.

खताबाबत एक गैरसमज. रुबिस्को हे प्रथिन आहे आणि पानातल्या नत्राचा मोठा हिस्सा त्यातच अडकलेला असतो, हे खरे. म्हणून करपलेल्या वेलीला युरिया ओतणारे लोक मी पाहिले आहेत. पूर्ण वाढलेले सावलीचे पान नत्र मिळाले म्हणून उन्हाचे पान होत नाही. वाढताना मिळालेल्या उजेडावर त्याची घडण ठरून गेलेली असते. मोठ्या पोफळीला वर्षाला 100 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद, 140 ग्रॅम पालाश अशी शिफारस आहे. त्यातला दुसरा हप्ता सप्टेंबर-ऑक्टोबरचा असतो, तो राहिला असेल तर ओल असताना घाला. त्याचा उपयोग येणाऱ्या पालवीला.

पोफळीची कोवळी रोपे आणि उघडी खोडे यांनाही याच दिवसांत नैऋत्येचे ऊन झोंबते. खोडावर सोनेरी पिवळा डाग पडतो, तो तपकिरी होऊन पुढे चिरतो, आणि काही वर्षांनी झाड वाऱ्यात तिथेच मोडते. हा भाजण्याचा प्रकार जास्त, रुबिस्कोशी त्याचा संबंध थोडा. खोडाच्या त्या बाजूला पोफळीच्याच विऱ्या बांधा, रोपाला झावळाचा आडोसा करा.

छाटायचीच असेल तर आत्ता उत्तरेची आणि ईशान्येची फांदी घ्या. दक्षिणेची मृगाच्या तोंडावर उतरवा. तेव्हा आभाळ भरलेले असते, उजेड चोहोबाजूंनी मवाळ येतो, आणि पावसाळ्यात फुटणारी पालवी तो वाढीव उजेड गृहीत धरूनच रुबिस्को भरून घेते. एका वर्षी एकच फांदी तोडा. आणि तोडण्याआधी दिवाळीच्या एखाद्या दुपारी दोन वाजता खाली उभे राहून तिची सावली कुठल्या वेलींवर पडते ते पहा, त्या वेलींना चुन्याची खूण करून ठेवा.