एकदाच वाजणारं रेकॉर्डिंग आणि टिपणं: या चुका टाळा

जळगावात आयईएलटीएसच्या बॅचेस घेताना दर बॅचला मी त्याच चुका बघतो. मुलं हुशार असतात, इंग्रजीही बऱ्यापैकी असतं, आणि तरी लिसनिंगमध्ये मार्क पडत नाहीत. कारण बहुतेकदा कानात नसतं, पेन्सिलीत असतं. चार भाग, चाळीस प्रश्न, साधारण अर्धा तास, आणि सगळं एकदाच ऐकवतात. आपला कान भुसावळ स्टेशनवरच्या घोषणांवर वाढलेला आहे: पहिल्यांदा निसटली तरी गाडी पुन्हा पुकारतात. तीच सवय इथे नडते.

सुटलेल्या उत्तरामागे धावणं

ही सगळ्यात महागडी चूक. सरावासाठी काही रेकॉर्डिंग मी स्वतः लिहून बनवतो. त्यातलं एक केळीवरचं व्याख्यान आहे, परीक्षेच्या चौथ्या भागासारखं: एकटा वक्ता, मध्ये थांबा नाही. विषय पनामा रोगाचा. ग्रो मिशेल नावाची केळीची जात निर्यातीच्या बाजारात राज्य करत होती. जमिनीतल्या बुरशीने तिच्या बागा पोखरल्या आणि 1960 च्या सुमारास तिची जागा कॅव्हेंडिश जातीने घेतली. त्यावर चार रिकाम्या जागा: बुरशी कशात टिकून राहते, ती नव्या बागेत मुख्यतः कशातून गेली, जुन्या पानांचा रंग कोणता होतो, आणि कॅव्हेंडिश कशात भरून पाठवावी लागली.

रावेरकडचा एक मुलगा होता, घरची केळीची बाग. त्याला वाटलं, हे तर आपलंच. पहिलं उत्तर ‘सॉइल’ बरोबर आलं. दुसऱ्याला वक्ता म्हणाला की पाण्यातूनही रोग पसरतो. याने लगेच ‘वॉटर’ लिहिलं, कारण बागेत पाण्याबरोबर रोग पुढे सरकतो हे त्याने ऐकलेलं होतं. उत्तर मिळालं म्हणून कान सैल सोडला. पुढच्याच वाक्यात वक्ता ‘हाउएव्हर’ म्हणाला आणि सांगितलं की नव्या बागांमध्ये रोग मुख्यतः लागवडीच्या ‘सकर्स’मधून, म्हणजे मुनव्यांमधून गेला, वरून निरोगी दिसणाऱ्या मुनव्यातही बुरशी असू शकते.

हे त्याला उशिरा उमगलं. मग खोडरबर काढला, ‘वॉटर’ पुसलं, आणि ‘सकर्स’चं स्पेलिंग जुळवायला लागला. तेवढ्यात जुनी पानं पिवळी होऊन गेली. तो तिसऱ्या प्रश्नावर आला तेव्हा वक्ता सांगत होता की ग्रो मिशेलचे अख्खे घड जहाजात चढवत, पण कॅव्हेंडिशची साल लवकर डागाळते म्हणून ती खोक्यांत भरावी लागली. हा रंगाची वाट बघत बसला आणि ‘बॉक्सेस’ त्याच्या कानावरून गेलं. शेवटी ‘सकर्स’ही अर्धवटच राहिलं. चारातली तीन गेली, आणि त्यातली दोन अशी की त्याने नीट ऐकली असती तर नक्की आली असती.

माझी सवय सांगतो. डोळा कायम दोन प्रश्नांवर ठेवायचा: चालू आणि पुढचा. वाचायला वेळ देतात तेव्हा प्रत्येक प्रश्नातल्या एका ठळक शब्दाखाली रेघ मारायची. इथे ‘लीव्ह्ज’ आणि ‘शिपिंग’. रिकाम्या जागांचे प्रश्न रेकॉर्डिंगच्याच क्रमाने येतात. त्यामुळे पानांचा उल्लेख कानावर पडला की दुसरा प्रश्न संपला. तिथे जे हाती असेल ते ठेवायचं, नसेल तर आडवी रेघ मारायची आणि पुढे सरकायचं. वक्ता तोच शब्द वापरेल असं नाही, ‘शिपिंग’ऐवजी ‘एक्स्पोर्ट’ म्हणेल. म्हणून रेघ मारताना त्याचा एखादा समानार्थी शब्द मनात म्हणून घ्यावा. आणि ओळीने दोन वाक्यं चालू प्रश्नाशी जुळत नसतील तर समजावं की आपण मागे राहिलो.

खोडरबराला लिसनिंग चालू असताना हात लावू नये. चुकलेल्यावर एक रेघ, शेजारी नवा शब्द. ‘बट’, ‘अ‍ॅक्चुअली’, ‘हाउएव्हर’, ‘सॉरी’ या शब्दांनंतर आधीचं उत्तर बदलू शकतं, म्हणून पहिलं ऐकलेलं उत्तर बारीक अक्षरात लिहायचं आणि वक्ता पुढच्या मुद्द्यावर जाईपर्यंत त्याला कच्चंच धरायचं.

अख्खा शब्द लिहिण्याचा हट्ट

ऐकताना स्पेलिंग पूर्ण करू नये. पहिली तीन-चार अक्षरं पुरतात. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवायला शेवटी 10 मिनिटं मिळतात, ती यासाठीच आहेत. संगणकावरच्या परीक्षेत मात्र ती नाहीत, तपासायला फक्त 2 मिनिटं असतात. तिथे चौकटीत अर्धा शब्द टाइप करून पुढे जावं, आणि भाग संपल्यावर मिळणाऱ्या थोड्या वेळात तो पूर्ण करावा. सगळं शेवटच्या 2 मिनिटांवर टाकलं तर पुरत नाही.

चिन्हं मोजकीच ठेवा: वाढलं तर ↑, कमी झालं तर ↓, कारणासाठी →. इंटरनेटवरून शंभर चिन्हांचा तक्ता उतरवून आणणारी मुलं दर बॅचला येतात. परीक्षेत त्यांना आपलंच चिन्ह वाचता येत नाही. जे चिन्ह महिनाभर हाताखालून गेलेलं नाही, ते परीक्षेत वापरू नका.

पर्यायांच्या प्रश्नात वाक्यं लिहिणं

तिसऱ्या भागात दोघं-तिघं बोलत असतात आणि बहुतेक वेळा तिन्ही पर्यायांचा उल्लेख होतो. शब्द कानावर पडला म्हणून टिक करू नका. प्रत्येक पर्यायाशेजारी बोलणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर आणि ✓, × किंवा ? एवढंच टाका. एकाने सुचवलं, दुसरीने नाकारलं, तर ते कागदावर लगेच दिसतं.

पॉझचं बटण

याची मला खरोखर चीड आहे. घरी मोबाइलवर थांबवत, मागे नेत, चाळीसपैकी छत्तीस आणायचे आणि ‘सर, माझी तयारी झाली’ म्हणायचं. ती तयारी वाचनाची झाली, ऐकण्याची नाही. माझ्या वर्गात रेकॉर्डिंग एकदाच लागतं, मधे कुणाचा फोन वाजला तरी. उत्तरं तपासून झाल्यावर मग स्क्रिप्ट घेऊन हवं तितक्या वेळा ऐका: कुठे मागे पडलो आणि कोणत्या शब्दाने फसवलं ते शोधायला. नवं रेकॉर्डिंग लावण्याआधी जुन्याचा हा हिशोब पूर्ण झालेला हवा. रोज तीन टेस्ट संपवणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांचा स्कोअर तिथेच अडकतो.

बाकीच्या, थोडक्यात

- नाव स्पेलिंगने सांगतात तेव्हा ‘ए’, ‘ई’ आणि ‘आय’, तसंच ‘जी’ आणि ‘जे’ यांची गल्लत होते. शेजारच्याला नावं सांगायला लावून लिहा.
- फोन नंबरात ‘डबल’ ऐकलं की थांबा, पुढचा आकडा दोनदा लिहा. ‘ओ’ म्हणजे शून्य.
- ‘फिफ्टीन’मध्ये जोर बहुधा शेवटी असतो, ‘फिफ्टी’मध्ये सुरुवातीला. आकडा अंकातच लिहा.
- टिपण देवनागरीत चालेल, पण उत्तर इंग्रजीतच द्यायचं आहे. रिकाम्या जागांच्या प्रश्नांत लिपी बदलण्याचं काम वाढवू नका.
- स्पेलिंग चुकलं तर उत्तर चूक. अनेकवचनाचा ‘एस’ विसरला तरी मार्क जातो, ‘सकर’ आणि ‘सकर्स’ एक नाहीत.
- दोनच शब्दांची मर्यादा दिली असेल आणि तुम्ही तीन लिहिले, तर त्यात बरोबर शब्द असूनही मार्क मिळत नाही. सूचना प्रत्येक प्रश्नसंचाला बदलते, म्हणून ती दरवेळी वाचा.