किटलीतला आल्याचा चहा फाटू नये म्हणून

मागच्या पावसाळ्यात बडोद्याला हॉस्टेलवर माझी साताऱ्याची रूममेट चार दिवस धड जेवत नव्हती, शेवटी म्हणाली, "आईसारखा आल्याचा चहा पाहिजे गं."

मी शहाणी, किटलीत दूध, आलं, पावडर सगळं एकदम टाकलं. दूध फाटलं, तळाला करपलं ते वेगळंच (तो वास आठवडाभर गेला नाही).

कच्च्या आल्यातल्या एन्झाइमने दूध फाटतं, उकळलं की तो मरतो. म्हणून दुसऱ्या दिवशी दीड कप पाण्यात पेरभर आलं वाटीच्या बुडाने ठेचून टाकलं, किटली बंद पडली की परत चालू, असं तीनदा उकळलं. मग स्टीलच्या डब्यात 2 चमचे पावडर आणि साखर, त्यावर ते पाणी, झाकण, 4 मिनिटं. तोवर अर्धा कप पिशवीचं दूध ग्लासात घालून गरम पाण्याच्या मगमध्ये उभं केलेलं, ते शेवटी ओतलं आणि गाळलं. दूध किटलीत घालायचंच नाही, उतू जातं.

तिने एक घोट घेतला, म्हणाली, "साखर कमी आहे," आणि अख्खा ग्लास संपवून माझ्यातला अर्धा पण घेतला.