विस्ताराचा हिशेब मांडताना या चुका टाळा: बँकेचा व्याजदर म्हणजे भांडवलाचा खर्च नव्हे

"कर्ज ११ टक्क्यांनी मिळतंय, मशीन १३ टक्के देतंय, मग अडचण काय?" लहान कारखानदारांच्या तोंडून हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. पण सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून सविस्तर सांगतो.

भोसरीत एका शेठचं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे, प्रायव्हेट लिमिटेड. त्यांना एक व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं संगणकचलित मशीन, घ्यायचं होतं. मशीन ४० लाखांचं, शिवाय कच्चा माल आणि उधारीत अडकणारे १० लाख. कर भरून वर्षाला १० लाख हाती येतील, सात वर्षांनी मशीन विकून ५ लाख आणि अडकलेले १० लाख परत, असा त्यांचा अंदाज होता. तो मला पटला. यातून परतावा निघतो सुमारे १३.३ टक्के.

शेठचा मुलगा म्हणाला, व्याजावर कर वाचतो, म्हणजे कर्ज ८.२ टक्क्यांनाच पडतं. हे बरोबर आहे. सवलतीच्या कराचा पर्याय निवडलेल्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के कर पडतो, म्हणून ११ चे ८.२ होतात. पण पुढे त्याने ८.२ हीच प्रकल्पाची कसोटी, म्हणजे किमान परताव्याचा दर, धरली. पुढच्या रकमा या दराने आजच्या किमतीत आणून गुंतवणूक वजा केली, आणि शिल्लक दिसली १० लाखांच्या वर. पेढे मागवायचेच बाकी होते.

बँक ११ ला तयार झाली ती मशीनकडे बघून नाही. शेड गहाण होतं, शेठची वैयक्तिक हमी होती, म्हणजे जोखीम मालकाच्या भांडवलाने उचलली होती. त्या भांडवलाचा मोबदला धरला नाही तर हिशेब अर्धाच राहतो. धंदा विकला तर कर्ज फेडून शेठच्या हाती साधारण २ कोटी ४० लाख उरले असते आणि कर्ज होतं १ कोटी ६० लाख, म्हणजे प्रमाण ६०:४०. मालकाच्या पैशाला २० टक्के धरले. ६० टक्क्यांचे १२, कर्जाच्या ४० टक्क्यांचे ३.३, मिळून १५.३. या दराने तोच प्रकल्प ३ लाखांहून जास्त तोट्यात जातो.

मशीन आलंच. दुसऱ्या वर्षी एका मोठ्या ग्राहकाचं १७ टक्के देणारं काम दारात आलं, तेव्हा बँक म्हणाली, आता कर्ज पुरे, स्वतःचे पैसे घाला. स्वतःचे पैसे २० टक्क्यांचे म्हणून शेठनी ते काम सोडलं. १३ चं घेतलं, १७ चं सोडलं! प्रत्येक प्रकल्प ज्याच्या पैशाने होतो त्याचाच दर लावला की असंच होतं. दोन्हींना १५.३ लावले असते तर निर्णय नेमके उलटे झाले असते.

मालकाचे २० टक्के आणले कुठून? शेअर बाजारातल्या कंपन्यांचा बीटा, म्हणजे बाजाराच्या तुलनेत शेअर किती हलतो याचं माप, आणून तो लहान वर्कशॉपला चिकटवणं मला पटत नाही. माझी सवय साधी आहे: कर्जाच्या दरावर आठ-नऊ टक्के चढवतो आणि मग दोन टक्के वर-खाली करून बघतो. इथे १८ धरले तरी कसोटी १४.१ येते, २२ धरले तर १६.५. प्रकल्प १३.३ चा, दोन्हीकडे नापास. मग दशांशावर वाद घालण्यात अर्थ नाही. निकाल बदलत असेल तरच या आकड्यावर अजून डोकं लावा.

दुसरी चूक ताळेबंदातून वजनं उचलण्याची. त्याच शेठच्या ताळेबंदात स्वतःचं भांडवल ९० लाखच दिसत होतं, कारण शेड जुन्या किमतीला लिहिलेलं. ते धरलं तर प्रमाण ३६:६४ होतं, कसोटी १२.५ वर घसरते आणि नापास मशीन पास होतं. घाईत असलेल्यांना हा शॉर्टकट फार आवडतो, आकडे छापील असतात ना. मी मात्र धंदा आज कितीला विकला जाईल हे आधी विचारतो, उत्तर ढोबळ असलं तरी चालेल.

बाकीच्या चुका थोडक्यात. प्रकल्पाच्या रकमेतून हप्ता किंवा व्याज वजा करू नका, ते १५.३ मध्ये आधीच आलंय. भागीदारी फर्म असाल तर २५.१७ नव्हे, उपकर धरून ३१.२ टक्के कर लावा. उत्पन्न एक कोटीच्या वर गेलं की अधिभार वेगळा. कॅश क्रेडिट बारा महिने भरलेलंच असेल तर ते कर्जात मोजा. फ्लॅट दराने सांगितलेलं व्याज तसंच घेऊ नका, घटत्या शिलकीवर ते जवळपास दुप्पट पडतं. आणि नव्या मशीनवर शेठचा मुलगा उभा राहणार असेल तर त्याचा पगार खर्चात लिहा, घरचा असला तरी.