R² ०.९९६, तरीही रेषा चुकलेली: लंबकाच्या प्रॅक्टिकलमधला अनुभव

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी साध्या लंबकाचं प्रॅक्टिकल होतं. दोऱ्याची लांबी L बदलत न्यायची, २० दोलनांचा वेळ स्टॉपवॉचवर घ्यायचा, त्यावरून एका दोलनाचा वेळ T काढायचा आणि आलेखावरून गुरुत्व त्वरण g काढायचा. माझी वाचनं अशी होती:

| L (सेंमी) | २० दोलनांचा वेळ (से.) | T (से.) |
|---|---|---|
| ४० | २५.८ | १.२९० |
| ५० | २८.६ | १.४३० |
| ६० | ३१.४ | १.५७० |
| ७० | ३३.९ | १.६९५ |
| ८० | ३६.१ | १.८०५ |
| ९० | ३८.३ | १.९१५ |
| १०० | ४०.४ | २.०२० |

मी एक्सेलमध्ये L आणि T असा आलेख काढून ट्रेंडलाइन टाकली. रेषा बिंदूंशी किती जुळते हे सांगणारा R² आला ०.९९६, म्हणजे जवळपास १, आणि सातही बिंदू रेषेला चिकटलेले दिसत होते. जर्नल तपासताना सरांनी एवढंच विचारलं, "रेसिड्युअल काढलेस का?"

रेसिड्युअल म्हणजे मोजलेल्या किमतीतून रेषेवरची किंमत वजा केल्यावर उरतं ते. लघुतम वर्ग पद्धत या फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी होईल अशी रेषा निवडते. पण दिलेल्या बिंदूंना सरळ रेषा मुळात शोभते का, हे ती पाहत नाही. बिंदू वक्र रेषेवर असले तरी ती त्यातल्या त्यात बरी सरळ रेषा काढून देतेच. A स्तंभात L आणि B मध्ये T असेल, तर C2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढायचं:

```
=B2-(SLOPE(B$2:B$8,A$2:A$8)*A2+INTERCEPT(B$2:B$8,A$2:A$8))
```

माझे आकडे क्रमाने आले: −०.०२१, −०.००३, +०.०१६, +०.०२०, +०.००९, −०.००३, −०.०१९ सेकंद. त्यांची बेरीज जवळपास शून्य येते हे पाहून मला हायसं वाटलं होतं. पण रेषेचा छेद, म्हणजे L शून्य असताना येणारी तिची किंमत, मोकळा ठेवला की ती बेरीज नेहमीच शून्य येते, त्यावरून फिटबद्दल काहीच कळत नाही. बघायची ती चिन्हं आणि त्यांचा क्रम. दोन्ही टोकांना ऋण आणि मधे धन, म्हणजे आकडे धनुष्यासारखे वाकलेले होते. मोजण्यातल्या चुकांनी चिन्हं अशी ओळीत लागणं अवघड.

दुसरी कसोटी आकाराची. तीच लांबी पुन्हा मोजली की माझ्या २० दोलनांच्या वेळेत साधारण ०.१ सेकंदाचा फरक पडायचा, म्हणजे एका दोलनामागे ०.००५ सेकंद. रेसिड्युअल ०.०२१ पर्यंत गेले होते, म्हणजे माझ्या हाताच्या चुकीच्या सुमारे चौपट. R² ला हे दिसत नाही, कारण तो रेसिड्युअलची तुलना T च्या एकूण चढउताराशी करतो. T इथे १.२९ पासून २.०२ पर्यंत गेला होता, त्यापुढे ०.०२ नगण्यच ठरतं.

कारण सूत्रातच होतं. T² = 4π²L/g, म्हणजे L च्या प्रमाणात वाढतो तो T², T नव्हे. L मीटरमध्ये घेऊन T² ची रेषा काढली, तेव्हा रेसिड्युअल आले +०.००९, −०.०१४, +०.००३, +०.००८, −०.०१०, −०.००४, +०.००६ से². चिन्हं विस्कटलेली. आकारही पटणारा, कारण T मधली ०.००५ ची चूक T² मध्ये 2T पट होते, म्हणजे ०.०१३ ते ०.०२०. उतार ४.०३ से²/मी आला, त्यावरून g = ९.७९ मी/से². उताराची प्रमाण त्रुटी एक्सेलच्या LINEST फंक्शनने ०.०१९ दिली, म्हणून g मध्ये ±०.०५.

छेद मात्र ०.०४३ से² आला होता आणि सूत्राप्रमाणे तो शून्य हवा. मला वाटलं, रेषा मूळबिंदूतूनच जायला हवी, म्हणून ट्रेंडलाइनमध्ये Set Intercept = 0 केलं. लगेच g घसरून ९.६६ झाला आणि रेसिड्युअलमध्ये पुन्हा क्रम लागला: पहिले चार धन, शेवटचे तीन ऋण. ही रेषा बिंदूंना तिरकी छेदत होती. छेदाची त्रुटी ०.०१४ होती, म्हणजे छेद तिच्या तिप्पट. त्याला योगायोग म्हणून सोडून देणं बरोबर नव्हतं.

छेदाला उताराने भागलं तर ०.०४३ ÷ ४.०३ = ०.०११ मीटर, म्हणजे सुमारे १.१ सेंमी. माझ्या प्रत्येक लांबीत साधारण इतकी लांबी कमी पडत होती. मी दोरा गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजला होता, केंद्रापर्यंत नाही. व्हर्नियरने गोळ्याचा व्यास घेतला, तो २.१ सेंमी भरला. प्रत्येक L मध्ये १.०५ सेंमी मिळवून पुन्हा फिट केलं, तर छेद ०.००१ च्या आत आला. उतार, रेसिड्युअल आणि g जिथल्या तिथे राहिले, कारण सगळ्या लांब्या सारख्याच सरकल्या होत्या.