कालविसंगतीचं गणित: बँकेने हात बांधून का घ्यावेत?

मॅक्रोइकॉनॉमिक्सच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो: कमी महागाई चांगली हे मध्यवर्ती बँकेला ठाऊक आहे, मग ती तसं जाहीर करून मोकळी का होत नाही? किडलंड आणि प्रेस्कॉट या अर्थतज्ज्ञांनी 1977 मध्ये याचं मूळ दाखवलं: कालविसंगती, म्हणजे आज दिलेला शब्द उद्या मोडणंच फायद्याचं ठरणं. वाचण्याआधी पुढचं गणित हाताने सोडवा, असं मी नव्या विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो.

बँकेचं नुकसान असं धरू:

L = π²/2 − 4(π − πᵉ)

π म्हणजे प्रत्यक्ष महागाई आणि πᵉ म्हणजे लोकांनी गृहीत धरलेली. पहिला भाग महागाईचा त्रास, दुसरा अनपेक्षित महागाईतून मिळणारा रोजगार. पगाराचे करार आधीच झालेले असतात. किमती त्यांच्यापुढे गेल्या की मालकाला कामगार स्वस्त पडतो आणि भरती वाढते. इथे क्रम फार महत्त्वाचा: आधी करार होतात, मग बँक पाऊल टाकते.

बँकेने शून्य टक्के जाहीर केलं आणि लोकांनी विश्वास ठेवला. शब्द पाळला तर L = 0. पण करार झाल्यावर 4 टक्के होऊ दिली तर L = 8 − 16 = −8, म्हणजे चक्क फायदा, आणि दुसऱ्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त. हे गणित लोकांनाही येतं, म्हणून ते 4 धरूनच पगार ठरवतात. मग 4 टक्क्यांवर L = 8 येतं आणि रोजगार तसूभरही वाढत नाही. आता बँकेने हट्टाने शून्य गाठलं तर? L = 16, कारण पगार चढलेले आणि किमती जागच्या जागी, त्यामुळे बेरोजगारी वाढते. इथे थांबून नीट विचार करा. बँकेचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी ती 4 वरच येऊन अडकते. मोहाचा रस्ताच बंद केला, तर मात्र लोक शून्य धरतात आणि L = 0 हाती लागतं.

असाच रस्ता बंद करायला ब्रिटनमध्ये मे 1997 मध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी व्याजदराचा निर्णय बँक ऑफ इंग्लंडकडे सोपवला. लोकांनी विश्वास ठेवला की नाही, हे भाषणांतून कळत नाही. साधे सरकारी रोखे आणि महागाईशी जोडलेले रोखे यांच्या परताव्यातलं अंतर बघा, त्यातून लोकांनी गृहीत धरलेली महागाई दिसते. दीर्घ मुदतीच्या रोख्यांत ते घोषणेनंतर घटलं.

बंधन अगदी ताठर असलं, तर तेलाच्या भडक्यासारखा धक्का बसल्यावर बँकेला हलताच येत नाही आणि सगळा भार रोजगारावर पडतो. माझ्या मते ब्रिटनने यावर चांगली तोड काढली: महागाई उद्दिष्टापासून एक टक्काबिंदूहून जास्त ढळली, तर गव्हर्नरने अर्थमंत्र्यांना जाहीर पत्र लिहून कारण आणि उपाय सांगायचे. उद्दिष्ट 2 टक्के असताना मार्च 2007 ची महागाई 3.1 टक्के निघाली आणि मर्व्हिन किंग यांना असं पहिलं पत्र लिहावं लागलं.