दिवसाच्या फोटोवर निऑनची रात्र : सावळा चेहरा खरा कसा राखायचा

सायबरपंक लूक म्हटलं की बहुतेक जण एक नवा थर घेतात, त्यावर गुलाबी आणि निळा रंग मारतात आणि मोड Color करून मोकळे होतात. दोन मिनिटांत काम होतं, पण चेहरा रंगपंचमीहून परतल्यासारखा दिसतो. कारण त्या मोडमध्ये गाल, ओठ, भुवया, दात सगळ्यांवर एकच रंग बसतो. खऱ्या निऑनखाली असं होत नाही. तिथे प्रकाश रंगीत असतो, त्वचा आपल्या जागी आपल्या रंगाचीच राहते आणि त्या प्रकाशातला जेवढा भाग तिला परत फेकता येतो तेवढाच आपल्याला दिसतो. खाली दिलेली रीत या एकाच गोष्टीवर उभी आहे. मी फोटोशॉप धरून सांगतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीयातही पद्धत जवळपास तीच आहे.

उदाहरणाला लातूरच्या गंजगोलाईतला एक फोटो घेऊ. संध्याकाळचे पाच वाजलेत, पोरगा दुकानांच्या ओळीच्या सावलीत उभा आहे, अंगात पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध. उन्हं त्याच्या मागून, उजव्या खांद्यावरून येतायत, त्यामुळे केसांच्या आणि खांद्याच्या कडेला ऊन लागलंय, पण चेहऱ्यावर फक्त मऊ उजेड आहे. (डावं-उजवं सगळीकडे फोटो बघणाऱ्याच्या बाजूने धरा.) असा फोटो या कामाला उत्तम. आपल्याकडचं एप्रिलमधलं बाराचं ऊन मात्र नको. नाकाखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत पडलेली काळी सावली नंतर कितीही निऑन टाकलं तरी "सूर्य डोक्यावर आहे" हेच सांगत राहते. सावली शोधा, लिंबाखाली उभं करा, नाहीतर शटरच्या आत दोन पावलं घ्या. रॉमध्ये काढता आलं तर फारच चांगलं.

आधी दिवे ठरवा, मग रंग

उजेड कुठून येतो हे चित्रात दिसलं पाहिजे. आपल्या फोटोत उजवीकडे मोबाइलच्या दुकानाचा बोर्ड आहे, तो गुलाबी करू. डावीकडे शटरवर एक ट्यूब आहे, तिला निळसर-हिरवा रंग देऊ. बोर्डावरची देवनागरी अक्षरं पुसू नका. जपानी अक्षरं चिकटवण्यापेक्षा "रिचार्ज व रिपेअरिंग" निऑनमध्ये लखलखताना कितीतरी जास्त मजा येते.

दुसरा दिवा मी गडद निळा न घेता निळसर-हिरवा का घेतला, ते नीट समजून घ्या. निम्मं यश तिथेच आहे. सावळ्या त्वचेवरून लाल प्रकाश भरपूर परततो, हिरवा त्याहून कमी आणि निळा सर्वांत कमी. समजा गालाचा रंग लाल १९०, हिरवा १४०, निळा ११२ असा आहे. त्यावर जवळजवळ निव्वळ निळा प्रकाश टाकला तर गाल २२, २२, ११२ वर येतो, म्हणजे डोळ्याला काळपट दिसतो. तोच प्रकाश निळसर-हिरवा केला तर २२, १०४, ९४ मिळतात आणि गालाची गोलाई दिसत राहते. दुसरी अडचण अशी की फोटोतला सगळ्यात खरखरीत भाग निळ्या चॅनलमध्ये असतो. मोबाइलच्या जेपीईजीत तर तिथे चौकटी-चौकटी दिसतात. चेहरा फक्त त्या चॅनलवर उभा केला की प्रत्येक डाग आणि रंध्र वर येतं. Channels पॅनल उघडून तिन्ही चॅनल एकेक करून बघा, म्हणजे खात्री पटेल: लालमध्ये त्वचा गुळगुळीत, निळ्यात ओबडधोबड.

एकाच फोटोच्या तीन प्रती

फाइल १६ बिटमध्ये करा, नाहीतर अंधाराकडे जाताना रंगांचे पट्टे दिसतील. आधी व्हाइट बॅलन्स नीट करून हनुवटीखाली फरशीवरून आलेला पिवळेपणा काढा. मग त्याच फोटोचे एकावर एक तीन थर करा.

सगळ्यात खालचा थर म्हणजे रात्र. त्यावर Curves लावून वरचं उजवं टोक Output ७५ पर्यंत खाली आणा. दिवस बराचसा विझतो, गाल साधारण ५६, ४१, ३३ वर येतो. पूर्ण काळं करू नका, कारण पुढे चेहऱ्याचा मूळ रंग इथूनच मिळणार आहे. वर आकाश दिसत असेल तर त्याला वेगळा मास्क लावून अजून खाली दाबा.

मधला थर गुलाबी दिव्याचा. त्याचा मोड Screen करा, म्हणजे हा उजेड खालच्या उजेडात मिळवला जाईल. खऱ्या जगातही एका दिव्यावर दुसरा दिवा असाच भर घालतो. या थराला चिकटवून, म्हणजे दोन थरांच्या मधल्या रेषेवर Alt धरून क्लिक करून, Curves लावा. Red तसाच ठेवा, Green चं वरचं टोक ६० वर आणि Blue चं १६५ वर आणा. तिसरा थर ट्यूबचा. त्याचीही रीत तीच; Red ३०, Green १९०, Blue २१५.

आता शर्ट आणि गाल शेजारी ठेवून पाहा. गुलाबी दिव्यात शर्ट २३५, ५५, १५२ असा चकचकीत गुलाबी होतो, पण गाल १९०, ३३, ७२ म्हणजे लालसर राहतो. इथे अनेकांचा हात शिवशिवतो आणि ते गालही शर्टाइतका गुलाबी करायला जातात. करू नका. बघणाऱ्याला आकडे कळत नाहीत, पण कापड आणि कातडी यांतला हा फरक डोळा पकडतो आणि चित्रावर विश्वास ठेवतो.

मास्क: दिवा जिथे पोचतो तिथेच

वरच्या दोन्ही थरांना Alt धरून मास्क लावा, म्हणजे तो काळा येईल आणि थर लपेल. मग मऊ गोल ब्रश, Flow ८ ते १० टक्के, रंग पांढरा. गुलाबी थरात उजवी कानशील, गालाचा उजवा उतार, नाकाची उजवी बाजू, मानेची बाजू आणि खांदा एवढंच उजळा. नाकाच्या डाव्या बाजूला गुलाबी पोचणार नाही, जबड्याखालीही नाही. ट्यूबच्या थरात याच्या उलट.

मधे कपाळ, नाकाचा माथा, ओठ आणि हनुवटी असा एक पट्टा मुद्दाम सोडा. चेहऱ्याचा साधारण तिसरा हिस्सा. तिथे रात्रीच्या थरावरच्या Curves चा मास्क थोडा करड्या रंगाने हलका करा, म्हणजे मूळ त्वचा मंद दिसेल. या पट्ट्याची गरज ओठांवर सर्वांत जास्त असते. लाल वस्तू निळसर-हिरव्या उजेडात काळी पडते, म्हणून ओठ निर्जीव वाटतात आणि कपाळावरचं अष्टगंध शाईच्या डागासारखं दिसतं. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ते बरोबरच असतं, पण घरचे फोटो बघून "पोराला काय झालं?" विचारतील. कुंकवाचंही तेच.

डोळ्यांकडे वेगळं लक्ष द्या. बुबुळात दिवसाच्या आकाशाचा पांढरा चौकोन उरलेला असतो, तो एकटाच सगळी रात्र खोटी पाडतो. तो काळसर करून उजवीकडे गुलाबी आणि डावीकडे निळसर-हिरवा असे दोन बारीक ठिपके ठेवा. डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात गालापेक्षा थोडेच उजळ असू द्या.

कडेचा उजेड

उजव्या कडेला उन्हाने काम आधीच करून ठेवलंय. गुलाबी थराचा मास्क तिथे पूर्ण पांढरा केला की उन्हाची कड निऑनची होते, केसांच्या सुट्या बटांसकट. हाताने इतकी बारीक बट रंगवता येत नाही. फक्त एक खोट राहते: ऊन जिथे जळून पूर्ण पांढरं झालंय, तिथे सपाट गुलाबी पट्टी दिसते. कॅमेऱ्यात तेज दिव्याचा गाभा पांढुरका येतो आणि रंग त्याच्या काठाला दिसतो. म्हणून गुलाबी Curves थराच्या Blend If मध्ये Underlying Layer चा पांढरा त्रिकोण Alt धरून दोन भागांत फोडा आणि त्याचा डावा अर्धा सुमारे २१० पर्यंत आणा. अतितेज भागात रंग आपोआप विरळ होईल.

डावी कड हाताने करावी लागते. माणसाची निवड करा, नवा थर Screen मोडमध्ये घ्या आणि निवड चालू ठेवून ब्रशचं केंद्र शरीराच्या बाहेर ठेवत कडेने फिरा. ब्रशचा बाहेरचा अर्धा कापला जातो, आतला हळूहळू विरतो. चेहरा १२०० पिक्सेल रुंद असेल तर गालावर ही कड १५ ते २५ पिक्सेल पुरे. नाकावर आणि कानावर ती बारीक, खांद्यावर रुंद, आणि कानामागे किंवा मान जिथे आत वळते तिथे तुटलेली हवी. सगळीकडे सारख्या जाडीची न तुटणारी रेघ आली की माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. मग याच थराच्या Blend If मध्ये Underlying Layer चा काळा त्रिकोण फोडून थोडा आत घ्या, म्हणजे दाढीची खुंटं आणि रंध्रं काळीच राहतील.

आता सर्वांत वर Black & White थर लावून बघा. रंग नसतानाही उजेड कोणत्या बाजूने येतोय हे कळत असेल तर काम जमलं. चेहरा सपाट दिसला तर मास्क सगळीकडे सारखेच रंगवले गेलेत. पाहून झालं की तो थर बंद करा.

फ्लेक्सवर जाणार असेल तर

आपल्याकडे असा फोटो शेवटी वाढदिवसाच्या बॅनरवर जाण्याची शक्यता मोठी. स्क्रीनवरचं निऑन छपाईच्या चार शाईंत मावत नाही. View मधल्या Proof Setup मध्ये CMYK निवडून Ctrl+Y दाबा आणि काय उरतं ते बघा. गडद निळा मळकट जांभळ्याकडे झुकतो. निळसर-हिरवा आणि गुलाबी फिके पडतात, पण ओळखू येतात. छपाईसाठी वेगळी प्रत काढा. तिच्यात रात्रीच्या थराचं टोक ७५ वरून १०० च्या आसपास न्या, कारण फ्लेक्सवर अंधारे भाग लवकर एकमेकांत मिसळतात, आणि निऑनच्या थरांचा जोर कमी करा. चमक रंगातून मिळत नसेल तर ती उजेड-अंधाराच्या फरकातून काढावी लागते, त्यामुळे या प्रतीत कडेचा गाभा जास्त पांढरा आणि त्याच्या मागची भिंत जास्त काळी ठेवा.