किचन हॅकच्या व्हिडिओत या चुका टाळा (उकडलेल्या अंड्याची स्क्रिप्ट घेऊन सांगतो)

"डब्यात अंडं टाका, हलवा, टरफल आपोआप निघतं!" हे वाक्य मी इतक्या स्क्रिप्ट्समध्ये वाचलंय की आता नुसतं दिसलं तरी डोकं फिरतं. हॅक खोटा नाहीये बरं का. कडक उकडलेलं अंडं झाकणाच्या डब्यात थोड्या पाण्यात हलवलं की टरफलाला सगळीकडे बारीक तडे जातात, पाणी आत शिरतं आणि टरफल मोठमोठ्या तुकड्यांत सुटतं. फक्त तो कधी चालतो हे कुणी लिहीत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अट न सांगणं. एकाने मला स्क्रिप्ट दाखवली, मी विचारलं अंडी किती दिवसांची, तर म्हणे "त्याने काय फरक पडतो, आजच आणलीत, एकदम ताजी." झालं! शूटला पहिलंच अंडं हलवलं आणि टरफलासोबत पांढरा भागही सोलून आला, अंडं चंद्रासारखं खड्ड्याखड्ड्यांचं. आता कारण ऐका. ताज्या अंड्याचा पांढरा भाग कमी अल्कलाईन असतो, त्यामुळे उकडल्यावर तो टरफलाच्या आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतो. अंडं काही दिवस ठेवलं की आतला कार्बन डायऑक्साईड टरफलाच्या छिद्रांतून हळूहळू बाहेर पडतो, पीएच वाढतो आणि चिकटणं कमी होतं, म्हणून फ्रिजमध्ये आठवडा-दहा दिवस राहिलेली अंडी सहज सोलतात. दुसरी गोष्ट, अंडी गार पाण्यात ठेवून तापवायची नाहीत, पाणी उकळल्यावर सोडायची, मग 11-12 मिनिटांत कडक होतात, आणि लगेच गार पाण्यात काढायची. हे नीट केलं नसेल तर डबा कितीही हलवा.

मग त्याने काय केलं? कट मारला, दुसरं अंडं हातात घेतलं, तेही आधीच हाताने सोलून ठेवलेलं, आणि पुढचा शॉट "बघा किती सोपं!" ही असली शॉर्टकटची घाई मला अजिबात पटत नाही. बघणारा घरी करतो, अंड्याची वाट लागते आणि त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. माझी सवय अशी की स्क्रिप्टमध्ये "आता हलवतो" ते "टरफल निघालं" एवढा भाग कट न मारता, एकाच शॉटमध्ये लिहायचा. तो एका शॉटमध्ये जमत नसेल तर हॅक जमत नाही, विषय संपला.

इशारा कुठे द्यायचा हीपण एक चूक आहे. लोक तो डिस्क्रिप्शनमध्ये टाकतात, जिथे कुणी फिरकत नाही, किंवा शेवटी, तोपर्यंत अंडं डब्यात आपटून झालेलं असतं. इशारा कृतीच्या आधीच्या वाक्यात हवा. त्याची ओळ मी अशी बदलून दिली: "अंडं आठवड्याभरापूर्वीचं आणि पूर्ण कडक असेल तरच डब्यात टाका. आतलं पिवळं मऊ हवं असेल तर हा हॅक नको, फुटेल." आणि लगेच पुढे ताजं अंडं हलवून दाखवायचं, खड्ड्यांसकट, त्यावर एकच ओळ, "ताजं असलं की असं होतं, हे हाताने पाण्याखाली सोला." हा तीन-चार सेकंदांचा फसलेला शॉट काढू नका, लोक तोच लक्षात ठेवतात.

बरेच जण आवाज बंद करून बघतात, त्यामुळे अट स्क्रीनवरही लिहा, पण उभ्या व्हिडिओत अगदी खाली नको, तिथे अ‍ॅपची बटणं आणि कॅप्शन येतं.

वेळेबद्दल थापा मारू नका. एकच अंडं असेल तर हाताने सोलायला तेवढाच वेळ लागतो, वर डबा धुवायचा वेगळा. पाच-सहा अंडी असतील तर फरक पडतो, पण डब्यात एका वेळी दोन-तीनच टाका, नाहीतर एकमेकांवर आपटून फुटतात. हे स्पष्ट म्हणा. काचेची बरणी वापरू नका, प्लास्टिकचा डबा बरा.

आणि एक इशारा गाळायचाच नाही: सोललेलं अख्खं अंडं मायक्रोवेव्हमध्ये परत गरम करू नका. आत वाफ कोंडते आणि अंडं फुटतं, कधीकधी बाहेर काढल्यावर, चावताना, तोंड भाजेल असं. "सोललं, आता पटकन गरम करून खाऊ" हे कुणाच्याही मनात येतं, म्हणून ही ओळ मी सोललेलं अंडं वाटीत ठेवतानाच्या शॉटवर टाकतो, आणि वाटीतली अंडी मधोमध कापून दाखवतो.